कोड असूनही स्टीमचं खातं जातं कसं?

कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या स्टीमवर लॉग इन करताना माझ्या ईमेलला कोड येतो. तेवढं पुरेसं नाही का? मोबाईल अ‍ॅप घेतलंच पाहिजे का?

ईमेलचा कोड चालतो, पण त्याची ताकद तुमच्या ईमेलइतकीच. ज्या कॉम्प्युटरवर गेम खेळता त्यावरच जीमेल कायम उघडं असेल, तर त्या मशीनमध्ये शिरलेल्याला पासवर्ड आणि कोड दोन्ही एकाच जागी सापडतात. अ‍ॅपमधला कोड फोनवरच तयार होतो. तो पाच अक्षर-अंकांचा असतो आणि दर 30 सेकंदांनी बदलतो. शिवाय गेममधल्या वस्तूंची अदलाबदल, म्हणजे ट्रेड, किंवा स्टीमच्या मार्केटमधली विक्री अ‍ॅपमध्ये मंजूर करावी लागते, आणि माझ्या मते खरं संरक्षण हेच आहे. अ‍ॅप नसेल, किंवा सुरू करून सात दिवस झाले नसतील, तर ट्रेड 15 दिवसांपर्यंत अडकून राहतो. म्हणून ट्रेड करायच्या आदल्या दिवशी अ‍ॅप घेऊन उपयोग नाही.

अ‍ॅप सुरू केल्याबरोबर एक काम करा. अ‍ॅपमध्ये हे कोड देणाऱ्या Steam Guard च्या पानावर R ने सुरू होणारा रिकव्हरी कोड मिळतो, तो वहीत लिहून ठेवा. त्याचा स्क्रीनशॉट त्याच फोनमध्ये ठेवणं म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेणं. फोन हरवला तर हाच कोड help.steampowered.com वर देऊन जुनं अ‍ॅप काढता येतं. तो नसेल तर खात्याला जोडलेल्या मोबाईल नंबरवर येणाऱ्या एसएमएसचा आधार उरतो, त्यामुळे सिम बदललंत तर नंबरही लगेच बदला.

एका ओळखीच्याने ‘आमच्या टीमला मत दे’ म्हणून लिंक पाठवली. मी स्टीमने लॉग इन केलं, कोडही टाकला. काहीच झालं नाही. आठवड्याने मित्राला काउंटर-स्ट्राइक 2, म्हणजे सीएस2 या गेममधली स्किन, म्हणजे शस्त्रावरची नक्षी, पाठवली, तर ती त्याच्याच नावाच्या दुसऱ्या खात्यात गेली! मंजुरी मी स्वतः दिली होती.

ती लॉगिनची खिडकी स्टीमची नव्हती. अशा साइटवर ब्राउझरची आख्खी खिडकीच चित्र म्हणून रंगवलेली असते, वरचा पत्तासुद्धा त्यात खरा दिसतो. पुढे ओळखायचं असेल तर ती खिडकी माऊसने धरून मूळ पानाच्या बाहेर ओढून बघा. खरी असेल तर बाहेर येते, खोटी कडेलाच अडते. तुम्ही टाकलेला कोड त्यांनी 30 सेकंदांच्या आत खऱ्या स्टीमवर वापरला आणि ते तुमच्या खात्यात शिरले.

शिरल्यावर त्यांनी पासवर्ड बदलला नाही, कारण तसं केलं असतं तर तुम्ही लगेच सावध झाला असता. अशा प्रकारात चोर बहुतेकदा खात्यावर ‘वेब एपीआय की’ काढून ठेवतो. ही सोय वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी आहे. ती हातात असली की तुमच्या ट्रेड ऑफर त्याच्या प्रोग्रामला दिसतात आणि रद्दही करता येतात. तुम्ही मित्राला ऑफर पाठवलीत, ती प्रोग्रामने रद्द केली, आणि त्याच क्षणी मित्राचं नाव-फोटो लावलेल्या खात्याला तीच स्किन देणारी ऑफर तयार झाली. फोनवर मंजुरीसाठी आली ती ही दुसरी, आणि नाव ओळखीचं बघून तुम्ही बोट टेकवलंत. मंजुरी देताना नाव-फोटो बघून काही कळत नाही, ते कुणीही लावू शकतं. समोरच्याची स्टीम लेव्हल आणि खातं कधी उघडलं ती तारीख बघा. जुन्या मित्राची लेव्हल अचानक शून्य दिसली तर थांबा.

आता आवरायचं कसं? दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून आधी पासवर्ड बदला. मग store.steampowered.com/account/authorizeddevices इथे जाऊन बाकी सगळी उपकरणं बाहेर काढा. नाहीतर चोराचं आधीचं लॉगिन जिवंत राहू शकतं. त्यानंतर हे पान उघडा:

```
https://steamcommunity.com/dev/apikey
```

तुम्ही कधीच की काढली नसेल तर इथे ती मागण्याचा फॉर्म दिसायला हवा. त्याऐवजी तयार की दिसली, तर ती रद्द करा. शेवटी steamcommunity.com/my/tradeoffers/privacy वर नवीन ट्रेड लिंक, म्हणजे इतरांना तुम्हाला ट्रेड ऑफर पाठवता येते तो पत्ता, तयार करा, म्हणजे जुनी लिंक निकामी होते. हा क्रम मोडू नका. चोर आत असताना की रद्द केलीत, तर तो पुन्हा काढायचा प्रयत्न करणारच.

स्किनचं म्हणाल तर, जुलै 2025 पासून सीएस2 च्या वस्तूंना ट्रेडनंतर सात दिवस संरक्षण असतं. तेवढ्या मुदतीत तुम्ही ट्रेड हिस्टरीतून व्यवहार उलटवू शकता. मात्र एकच ट्रेड निवडता येत नाही, त्या सात दिवसांतले संरक्षणाखालचे सगळे उलटतात, आणि पुढे 30 दिवस तुमचं ट्रेडिंग आणि मार्केट बंद राहतं. मुदत टळली असेल तर स्किन गेली असं धरा. खात्यातून गेलेल्या वस्तू स्टीम सपोर्ट परत देत नाही.

ईमेल, पासवर्ड, फोन नंबर सगळंच बदललंय. खातं परत मिळेल का? माझ्याकडे काय पुरावा आहे?

बहुतेकदा मिळतं, कारण चोर सगळं बदलू शकत नाही. लॉगिनचं मूळ नाव, म्हणजे प्रोफाइलवरचं टोपणनाव नव्हे, कधीच बदलत नाही. 7656119 ने सुरू होणारा 17 अंकी स्टीम आयडीही तसाच राहतो. मित्राच्या यादीतून तुमचं प्रोफाइल उघडलं की सापडेल. आणि तुम्ही भरलेले पैसे ही झालेली गोष्ट आहे, ती पुसता येत नाही.

आधी स्वतःचं ईमेल ताब्यात आहे ना ते तपासा. जीमेलच्या सेटिंगमध्ये फिल्टर आणि फॉरवर्डिंग बघा. स्टीमची पत्रं गुपचूप पुसणारा फिल्टर चोराने लावलेला असू शकतो. मग help.steampowered.com वर खातं चोरीला गेल्याचा पर्याय निवडून विनंती टाका. सोबत खात्याचं पहिलं ईमेल, खरेदीच्या पावत्या, बँक स्टेटमेंटमधली नोंद, किंवा डबाबंद गेमची की असेल तर तिचा फोटो द्या. जितका जुना व्यवहार, तितका पुरावा दणकट. विनंती एकच ठेवा, भर घालायची तर त्यातच घाला.

एक कडू गोष्ट: चोराने तुमच्या खात्यावरून चीटिंग करून व्हॅक, म्हणजे स्टीमच्या चीटिंग पकडणाऱ्या यंत्रणेची, बंदी ओढवली असेल, तर ती खातं परत आल्यावरही उठत नाही. कार्डातून पैसे गेले असतील तर बँकेला कळवा आणि सायबर गुन्ह्यांच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार करा, ती वाट बघण्याची गोष्ट नाही.

पासवर्ड बदलला, अ‍ॅप लावलं, तरी दोन दिवसांत पुन्हा तेच. कोड तर कुणालाच दिला नव्हता.

मग गळती कॉम्प्युटरमध्ये आहे. क्रॅक केलेला गेम, चीट, किंवा ‘माझा नवा गेम खेळून बघ’ म्हणून डिस्कॉर्डवर आलेली फाइल चालवली होती का? असे प्रोग्राम ब्राउझरमधले पासवर्ड आणि चालू लॉगिनची खूण दोन्ही उचलतात. ती खूण हाती आली की स्टीम कोड विचारतच नाही, त्याच्या लेखी तुम्ही आधीच आत आहात. त्याच मशीनवर नवा पासवर्ड टाकणं म्हणजे तोही चोराच्या हातात देणं. विंडोज पुसून नव्याने टाका. स्कॅन करून ‘काही सापडलं नाही’ यावर मी तरी विसंबणार नाही, कारण असे प्रोग्राम चोरी करून स्वतःला पुसूनही टाकतात. तोवर सगळे पासवर्ड, ईमेलचा सर्वांत आधी, फोनवरून बदला.

डिस्कॉर्डवर एकजण म्हणतो, त्याने चुकून माझी तक्रार केली आणि आता ‘स्टीम अ‍ॅडमिन’शी बोलावं लागेल.

स्टीम सपोर्ट डिस्कॉर्डवर कुणाशीच बोलत नाही. ब्लॉक करा.