२८ वर्षांची बहीण, मूल हवंय, मायट्रल व्हॉल्व बदलायचाय: मेटल की टिश्यू?

प्रश्न: बहीण २८ वर्षांची आहे, लग्न झालंय, मूल अजून नाही. लहानपणीच्या रुमॅटिक तापामुळे हृदयाचा मायट्रल व्हॉल्व खराब झालाय, बदलायला सांगितलाय. एक सर्जन म्हणतात मेटल घाला, आयुष्यभर बघायला नको. दुसरे म्हणतात टिश्यू, म्हणजे गाय-डुकराचा. आम्ही ठाण्याचे. काय करावं?

उत्तर: मी नवी मुंबईत पर्फ्युजनिस्ट आहे, म्हणजे ऑपरेशनला हृदय थांबवतात तेव्हा हार्ट-लंग मशीन चालवणारा. व्हॉल्व कुठला घालायचा हे मी ठरवत नाही, पण दोन्ही बसताना बघतो, आणि माझ्या वहिनीला मेटलचा मायट्रल व्हॉल्व असताना तिचं बाळंतपण झालंय, त्यामुळे हा विषय घरातलाच आहे.

आधी एक विचारून घ्या, बदलायलाच हवा का. व्हॉल्व आकसलेला असेल, पाकळ्या अजून मऊ असतील, लीक फारसं नसेल आणि डाव्या कप्प्यात गुठळी नसेल तर मांडीच्या शिरेतून बलून नेऊन तो उघडता येतो. लीक असेल तर काही वेळा रिपेअर होतो. स्वतःचा व्हॉल्व अजून काही वर्षं चालला आणि तेवढ्यात मूल झालं तर तुमचा अर्धा प्रश्न पुढे ढकलला जातो. दोन्ही सर्जननी इको बघून नाही म्हटलं असेल तर मग पुढचं वाचा.

"आयुष्यभर बघायला नको" हे फक्त व्हॉल्वपुरतं खरं आहे. आपण मेटल म्हणतो पण पाकळ्या कार्बनच्या असतात आणि त्या सहसा झिजत नाहीत. पण रक्त परक्या वस्तूवर गोठतं, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी, वॉरफेरीन किंवा ॲसिट्रॉम, रोज, कायम. गोळी किती लागू पडतेय ते आयएनआर सांगतो, साध्या माणसाचा १ च्या आसपास असतो. हृदयाच्या दुसऱ्या, एओर्टिक व्हॉल्वच्या जागी मेटल असेल आणि इतर धोके नसतील तर साधारण २.५ चं टार्गेट देतात आणि मायट्रलला ३, म्हणजे २.५ ते ३.५ च्या मधे, कारण मायट्रलमधून रक्त कमी दाबाने सावकाश जातं आणि तिथे गुठळी लवकर धरते. नवीन टेस्ट न लागणाऱ्या गोळ्यांबद्दल कोणीतरी सांगेलच, त्या मेटल व्हॉल्वला चालत नाहीत, डाबिगॅट्रानची ट्रायल गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही जास्त दिसले म्हणून मधेच थांबवली होती.

रोजचं म्हणाल तर जमतं. वहिनी ४ मिलिग्रॅम वॉरफेरीनवर होती, आठवड्याचे २८. एकदा आयएनआर २.१ आला तेव्हा डॉक्टरांनी तीन दिवस ५ आणि चार दिवस ४ असं करून ३१ केले, साधारण दहा टक्के वाढ, आणि आठवड्याने परत टेस्ट. एका रिपोर्टवर गोळी एकदम दुप्पट करायची नसते कारण आज बदललेल्या डोसचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात. मेथी-पालक बंद करायचं नाही, फक्त एका आठवड्यात जुडीवर जुडी आणि पुढच्यात काहीच नाही असं नको. जुलाबाला मेट्रोनिडॅझोल घेतलं तर आयएनआर वर उडतो, टीबीचं रिफाम्पिसिन चालू झालं तर खाली कोसळतो, आणि कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून अंगदुखीची कुठलीही गोळी आणायची नाही.

खरी अडचण बाळाची. वॉरफेरीन नाळेतून बाळाकडे जातं. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाचं नाक आणि हाडं नीट न घडण्याचा धोका असतो, गर्भपात जास्त होतात, आणि डोस जास्त तसा धोका जास्त. दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या वर वॉरफेरीन लागणाऱ्या बाईला तो स्पष्टपणे वाढलेला दिसतो. (ॲसिट्रॉमचे मिलिग्रॅम वेगळे, तिथे ही रेषा २ च्या आसपास, त्यामुळे दोघांचे आकडे एकमेकांना लावू नका.) रक्त पातळ करणारं हेपरिनचं इंजेक्शन बाळाकडे जात नाही, पण ते व्हॉल्वला वॉरफेरीनइतकं सांभाळत नाही. म्हणजे एका गोळीत बाळाला धोका आणि दुसऱ्या औषधात आईला, यातून पूर्ण सुटका करणारा मार्ग अजून तरी नाही.

वहिनीचं असं झालं. डोस ५ च्या आत होता म्हणून गोळी चालू ठेवायचा पर्यायही समोर ठेवला होता, तिने पहिल्या तीन महिन्यांसाठी इंजेक्शन निवडलं. पाळी चुकल्याबरोबर टेस्ट केली, कारण सहावा आठवडा उजाडायच्या आत गोळी बदलायची होती. मग पोटात दिवसातून दोनदा इंजेक्शन, आणि दर आठवड्याला इंजेक्शननंतर चार ते सहा तासांनी औषध किती लागू पडतंय ते सांगणारी अँटी-टेन-ए नावाची रक्ताची टेस्ट. यात गफलत होते ती इथे, वजन बघून एकदा डोस ठरवला आणि तोच पुढे चालू ठेवला तर गरोदरपणात वजन वाढतं, किडनी औषध लवकर बाहेर टाकते, डोस कमी पडतो आणि व्हॉल्व अडकतो. तिचा डोस वाढवावा लागला होता. तेराव्या आठवड्यापासून परत वॉरफेरीन, छत्तिसाव्याला ॲडमिट करून हेपरिनची ड्रिप, डिलिव्हरीच्या काही तास आधी ती बंद. गोळी चालू असताना कळा सुरू झाल्या तर बाळाच्या डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून हे तारखेआधी करतात. मुलगी ठीक आहे, दूध पाजताना वॉरफेरीन चालतं. पण ते नऊ महिने आमच्या घरात कोणी नीट झोपलं नाही, दम लागला किंवा व्हॉल्वची टिकटिक मंद वाटली की घोडबंदर रोडचा ट्रॅफिक बघत इको काढायला धावायचं.

टिश्यूमध्ये हे जवळपास सगळं टळतं. सुरुवातीचे तीन ते सहा महिने गोळी, मग हृदयाचे ठोके नियमित असतील तर बहुतेकदा फक्त ॲस्पिरिन. किंमत दुसरीकडे मोजावी लागते. गाय-डुकराच्या टिश्यूत कॅल्शियम साठतं आणि तरुण शरीरात ते भराभर साठतं, मायट्रलच्या जागी आणखी लवकर. सत्तरीच्या आजोबांना जो पंधरा वर्षं जाईल तो २८ व्या वर्षी दहाच्या आतही जाऊ शकतो. म्हणजे दुसरं ऑपरेशन जवळजवळ नक्की, आणि चिकटलेल्या छातीतलं दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा जोखमीचं असतं. म्हणूनच मूल हा मुद्दा नसता तर या वयाला मायट्रलला मेटलच सांगतात, टिश्यू साधारण पासष्टीच्या पुढे.

माझं मत विचाराल तर, मूल नक्की हवंय आणि दोन-तीन वर्षांत हवंय, तर टिश्यू, दुसरं ऑपरेशन चाळिशीच्या आसपास येणार हे घरात सगळ्यांनी, सासरच्यांनीसुद्धा, आज मान्य करून. तेव्हा मुलं झालेली असतील, मग मेटल घालता येतो. पण ठोके अनियमित असतील, एएफ असेल, तर टिश्यू घालूनही रक्त पातळ करायची गोळी सुटत नाही आणि टिश्यूचा मोठा फायदा तिथेच संपतो. त्यामुळे सर्जनकडे जाताना ईसीजी घेऊन हाच प्रश्न पहिला विचारा. पैशाची अडचण असेल तर महात्मा फुले योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला ॲडमिट व्हायच्या आधी विचारा.

आणि टिश्यू घातला तरी ती पहिली गोळी बंद होऊन इको नॉर्मल येईपर्यंत दिवस राहू देऊ नका, त्या काळात कुठलं साधन वापरायचं ते गायनॅकला आणि कार्डिऑलॉजिस्टला दोघांना विचारा, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या रक्त गोठवतात, त्या तिच्यासाठी नाहीत.