बाबू, 'दांडगा अनुभव' खोडून टाक

बाबू,

पाणी शुद्धीकरणाच्या प्लांटवरच्या नोकरीचा तुझा अर्ज काल रात्री व्हॉट्सॲपवर आला, दोनदा वाचला, आणि खरं सांगू का, त्यात तू कुठंच दिसला नाहीस. "मला पंप ऑपरेशन व केमिकल डोसिंगचा दांडगा अनुभव आहे, मी मेहनती व प्रामाणिक आहे", हे वाक्य टेबलावरच्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक अर्जात असते बावा, आयटीआयवाल्याच्याही आणि ज्यानं प्लांट फक्त बाहेरून पाह्यला त्याच्याही. अर्ज वाचणारा साइट मॅनेजर स्वतः कधीतरी नाईट शिफ्ट मारून आलेला असतो, त्याला एवढंच पाहायचं असते की रात्री दोन वाजता गढूळ पाणी आलं तर हा पोरगा त्याला फोन करून उठवेल की सांभाळून घेईल.

आणि गंमत अशी की तू सांभाळलं आहेस. मागच्या महिन्यात फोनवर तूच मला जुलैतल्या त्या रात्रीचं सांगितलं होतं, मी तेव्हा नुसतं हो हो म्हटलं पण मनात म्हटलं, हेच तर लिहायचं. अर्जात ती रात्र आलीच नाही, काहून? तुला वाटलं असेल हे तर रोजचं काम आहे, यात काय लिहायचं. अरे रोजचं काम आहे म्हणूनच लिहायचं!

तू सांगितलेलं मी इथं परत मांडतो, आकडे चुकले असतील तर तुझ्या डायरीतून दुरुस्त कर. नदीला वरून पाणी आलं, रॉ वॉटरची टर्बिडिटी, म्हणजे गढूळपणा, संध्याकाळपर्यंत १२ एनटीयू होती ती रात्री अकराला १८० झाली. तुरटीचा डोस मात्र उन्हाळ्यातलाच चालू होता, लिटरला १५ मिलिग्रॅम. गाळ खाली बसवणाऱ्या क्लॅरिफायरच्या काठावरून तुरटीनं धरलेल्या गाळाचा बारीक फ्लॉक वाहून जाताना टॉर्चच्या उजेडात तुला दिसला, आणि जो फिल्टर एरवी २४ तास चालतो तो ९ तासातच चोक व्हायला लागला. तिथं दुसऱ्या कोणी अंदाजानं डोस डबल केला असता आणि झोपला असता. तू जार टेस्ट लावलीस. एक लिटरचे सहा बीकर, १ टक्क्याचं तुरटीचं द्रावण, म्हणजे एका लिटरमध्ये १० ग्रॅम, त्यातलं १ मिली एका बीकरमध्ये टाकलं की १० मिलिग्रॅमचा डोस होतो. तू २ मिलीपासून ७ मिलीपर्यंत टाकलं, एक मिनिट जोरात फिरवलं, मग वीसेक मिनिटं हळू, मग अर्धा तास हात न लावता ठेवून दिलं. ४ मिलीच्या बीकरमध्ये फ्लॉक जाड होऊन खाली बसला आणि वरचं पाणी स्वच्छ, ५ आणि ६ मध्ये त्याच्यापेक्षा काही बरं नाही, ७ मध्ये उलट जरा धूसर. म्हणून तू ४० धरलास, ५० नाही. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण जास्त तुरटी टाकली म्हणजे पाणी जास्त स्वच्छ होते असं नाही, पाण्याचा पीएच खाली येतो, तुरटी वाया जाते आणि गाळही वाढतो. बीकरमधलं कोणतं पाणी निवडलं आणि काहून, हे ज्याला सांगता येते त्यानं टेस्ट खरंच केलेली असते.

पण मला खरी आवडलेली गोष्ट त्याच्या पुढची आहे. प्लांटला तासाला १२० घनमीटर पाणी येते, घनमीटरला ४० ग्रॅम म्हणजे तासाला ४ किलो ८०० ग्रॅम तुरटी. टाकीत १० टक्के द्रावण, म्हणजे तासाला ४८ लिटर, म्हणजे मिनिटाला ८०० मिली. डोसिंग पंप तासाला ६० लिटरचा, म्हणून तू स्ट्रोकचा नॉब ८० टक्क्यावर नेला. इथं नव्वद टक्के लोक थांबतात. तू मेजरिंग सिलिंडर लावून मोबाईलच्या स्टॉपवॉचवर एक मिनिट मोजलं तर भरले ५२० मिली. नॉब सांगून राहिला ८०, आणि पाण्यात जाऊन राहिलं त्याच्या दोनतृतीयांशच्याही कमी. सक्शनची जाळी काढली तर तुरटीच्या न विरघळलेल्या मातकट गाळानं बुजलेली, धुतली, परत लावली, परत मोजलं, ७९०. तेव्हा कुठं तुझं समाधान झालं. आणि टाकी पाहिली तर अर्धीच, २५० लिटर, म्हणजे ४८ च्या हिशोबानं पाच तास, पहाटे साडेपाचला रिकामी आणि शिफ्ट बदलते सातला. म्हणून तू तीन वाजता दुसरी टाकी ढवळायला घेतली. सकाळी क्लॅरिफायरच्या बाहेर टर्बिडिटी २८ वरून ६ वर आली होती आणि फिल्टरनंतर १ च्या खाली, जे आयएस १०५०० मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी मान्य मर्यादा म्हणून दिलं आहे.

आता सांग, हे 'दांडगा अनुभव' या दोन शब्दात बसते का?

तर अर्जातला डोसिंगचा परिच्छेद असा कर, शब्द तुझे घे, पण साचा हा राहू दे:

"१२० घनमीटर प्रति तास क्षमतेच्या प्रकल्पात १४ महिने शिफ्टमध्ये काम केले. जुलैमध्ये रॉ वॉटर टर्बिडिटी १२ वरून १८० एनटीयू झाली असता जार टेस्ट करून तुरटीचा डोस १५ वरून ४० मिलिग्रॅम प्रति लिटर केला. डोसिंग पंपाचा प्रवाह मेजरिंग सिलिंडरने तपासला असता तो ८०० मिलीऐवजी ५२० मिली प्रति मिनिट आढळला. सक्शन जाळी स्वच्छ करून तो ७९० मिली केला. सकाळपर्यंत फिल्टरनंतरची टर्बिडिटी १ एनटीयूच्या खाली आली."

पाचच वाक्यं आहेत, आणि 'मेहनती' हा शब्द कुठंच नाही.

पंपाच्या परिच्छेदाचं दुखणं वेगळं आहे. तू लिहिलं आहेस, "सर्व प्रकारचे पंप डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरू करतो." हे वाचून मी कपाळावर हात मारला. सेंट्रिफ्युगलसाठी बरोबर आहे, व्हॉल्व्ह बंद असला की सुरुवातीला मोटरवर लोड कमी येतो, मग हळूहळू उघडायचा. पण डोसिंग पंप डायफ्रामचा आहे, तो प्रत्येक स्ट्रोकला ठरलेलं पाणी ढकलणारच, पुढं रस्ता बंद केला तर प्रेशर वाढत जाते आणि पाईप किंवा डायफ्राम फुटते. मला हे माझ्या पहिल्याच वर्षी कळलं, तुरटीच्या टाकीजवळ मीच व्हॉल्व्ह बंद ठेवून डोसिंग पंप चालू केला, नळी सटकली आणि शर्ट, चष्मा, समोरचं रजिस्टर सगळं तुरटीच्या पाण्यानं भिजलं, वरून सुपरवायझरनं सगळ्यांसमोर विचारलं की डिप्लोमा कुठून केला. ते 'सर्व प्रकारचे' आधी काढ, नाहीतर मुलाखतीत नेमका त्यावरच प्रश्न येईल आणि तू अर्जात लिहिलेलंच उत्तर देशील.

त्याऐवजी नदीचं पाणी उचलणाऱ्या जॅकवेलच्या पंपाचं लिही, ते तुझं स्वतःचं आहे. २५ एचपीची मोटर, नेहमी २६ अँपिअर घेते, त्या दिवशी १८ वर आली, डिलिव्हरीचा प्रेशर गेज खाली, आणि पंपात गिट्टी भरल्यासारखा आवाज. नवखा माणूस अँपिअर कमी झालं म्हणून खुश होतो, मोटर हलकी चालून राहिली असं वाटते त्याला. सेंट्रिफ्युगल पंपात अँपिअर पडलं म्हणजे बहुतेक वेळा पंप पाणीच कमी उचलून राहिला असते. तू पंप बंद करून फुटव्हॉल्व्हची जाळी पाहिली, पुरानं आणलेला काडीकचरा अडकला होता. काढला, परत प्रायमिंग केलं, हवा पूर्ण निघेपर्यंत थांबलास, आणि चालू केल्यावर २६. हे तीन ओळीत लिही, चौथी ओळ ग्लँडची: ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडलंच पाहिजे, एकदम कोरडं आवळलं तर पॅकिंग आणि शाफ्टची स्लीव्ह जळते, हे तू तुझ्या हेल्परला शिकवलं होतंस ना, तेही टाक. 'पंप दुरुस्त केला' असं मात्र लिहू नको, तू बेअरिंग बदललेलं नाही. बदललेलं असतं तर गोष्ट वेगळी.

क्लोरीनचं तेच. ब्लिचिंग पावडर तू रोज घोळली आहेस, ओटी टेस्टनं शेवटच्या गावाच्या नळावर उरलेलं क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅम येते का पाहायला सायकलवर गेला आहेस, ते बिनधास्त लिही. जुनी पोती घेतली की क्लोरीन उडालेलं असते, पाकिटावरच्या टक्क्यावर विश्वास ठेवायचा नसतो म्हणून तू डोस नळावर तपासून ठरवायचास, हे एक वाक्य पुरे. पण जाहिरातीत क्लोरीन गॅसचं लिहिलं आहे आणि तू टोनर, म्हणजे गॅसचा मोठा सिलिंडर, हाताळलेला नाही. ते झाकू नको, सरळ लिही की गॅस क्लोरिनेटर चालवलेला नाही, ब्लिचिंगवर काम केलं आहे, गॅसचं ट्रेनिंग घ्यायला तयार आहे. टोनर लीक झाला तर जीवाशी खेळ आहे, तिथं मॅनेजरला खोटं सांगणारा माणूस नको असतो.

आता कागदाचं. तुझा पहिला ठेकेदार अनुभवाचं सर्टिफिकेट देताना टाळाटाळ करून राहिला असं म्हणालास. त्याच्याकडे परत जा, पण 'सर्टिफिकेट द्या' म्हणू नको, मजकूर तू स्वतः टाईप करून ने, त्यात प्लांटची क्षमता, पंपाचा एचपी, तारखा, शिफ्ट, सगळं, त्याला फक्त सही-शिक्का करायचं काम राहील. तरी नाहीच दिलं तर पीएफचं पासबुक जोड, त्यात त्याचं नाव आणि महिने दोन्ही येतात. लॉगबुकचे फोटो मात्र विचारल्याशिवाय जोडू नको, ते योजनेचं रेकॉर्ड आहे, नवीन मॅनेजरला वाटेल उद्या आमचंही बाहेर नेईल.

बाकी डिप्लोमाचे टक्के, गावाचा पत्ता, बाईक आहे की नाही, हे शेवटी दोन ओळीत. प्लांटपासून तुझं गाव अकरा किलोमीटर आहे हे टाक, पावसाळ्यात रात्री नाल्याला पाणी असलं तरी कोणत्या रस्त्यानं पोचतो तेही टाक, त्यांना ते हवंच असते.

सोमवारपर्यंत नवीन मसुदा पाठव. आणि खाली मोबाईल नंबर लिहिताना नीट पाहा, मागच्या अर्जात एक आकडा कमी होता.

तुझा काका