इतका… की चं इंग्लिश करताना होणारा घोळ

प्रश्न: सेंटेन्स कम्प्लीशनमध्ये टू, इनफ, सो आणि सच यातलं कुठे काय भरायचं ते कळतच नाही. अर्थ तर सगळ्यांचा सारखाच वाटतो. काही ट्रिक आहे का?

मी घरी आठवी ते दहावीच्या पोरांच्या ट्यूशन घेते, त्यामुळे ही कन्फ्युजन रोज बघते, आणि शाळेत असताना मी स्वतः ‘इनफ टॉल’ लिहून मार्क घालवलेत. तेव्हा नुसती लाल फुली मिळाली, का चुकलं ते कोणी सांगितलं नाही. ते खूप नंतर कळलं: चूक इंग्लिशची नव्हती, मी मराठीत विचार करत होते. आपण ‘पुरेसा उंच’ म्हणतो ना, म्हणजे पुरेसा आधी, मग उंच. इंग्लिशमध्ये ॲडजेक्टिव्ह आधी आणि इनफ नंतर, ‘टॉल इनफ’. पण नाऊन असेल तर इनफ पुन्हा आधी येतो, ‘इनफ मनी’, ‘इनफ टाइम’, आणि हे नेमकं मराठीसारखंच असल्याने इथे कोणी चुकत नाही.

आधी एक गोष्ट, मराठीत लिहिताना दोन्ही टू सारखेच दिसतात म्हणून दोन ओ वाल्याला मी टू लिहिते आणि एका ओ वाल्याला टु. पॅटर्न असे:

```
too + adjective + to + verb
adjective + enough + to + verb
so + adjective + that + sentence
such (a/an) + adjective + noun + that + sentence
```

हे पाठ करून फार उपयोग नाही, सगळ्यांना पाठ असतात आणि तरी चुकतात. रिकामी जागा दिसली की अर्थाकडे जायच्या आधी वाक्याचा पुढचा भाग बघा, तिथे टु आणि व्हर्ब आहे की दॅट आहे. टु असेल तर बहुतेक टू किंवा इनफ, दॅट असेल तर सो किंवा सच. अर्धं काम इथेच होतं. (कधीकधी दॅट गाळलेला असतो, ‘आय वॉज डॅश टायर्ड आय स्लेप्ट ॲट एट’, मग मधे दॅट घालून वाचून बघायचं, बसतोय म्हणजे सो.)

आता टू की इनफ. रिकामी जागा ॲडजेक्टिव्हच्या आधी असेल तर टू, नंतर असेल तर इनफ, एवढं जागेवरूनच कळतं. अर्थ बघायचाच असेल तर टू मध्ये नकार लपलेला असतो, आणि आमची पोरं पडतात ती इथेच. मराठीत आपण म्हणतो ‘बॅग उचलता येणार नाही इतकी जड आहे’, नकार स्पष्ट बोलतो. मग पोरगं लिहितं ‘द बॅग इज टू हेवी नॉट टु लिफ्ट’. चूक! टू नेच नकार सांगितला, ‘टू हेवी टु लिफ्ट’ एवढंच पुरे. त्यात नॉट घातला की अर्थ उलटा होतो, ‘ही इज टू क्लेव्हर नॉट टु अंडरस्टँड’ म्हणजे तो इतका हुशार आहे की त्याला समजणारच. आणि टू म्हणजे ‘खूप’ नाही, ‘गरजेपेक्षा जास्त’. आपण गप्पांत ‘टू गुड यार’ म्हणतो ते वेगळं, पेपरमध्ये नुसतं कौतुक असेल तर व्हेरी लिहायचं.

सो आणि सच मध्ये चुकायचं कारण म्हणजे मराठीत दोन्हीला एकच शब्द आहे, इतका. ‘चहा इतका गरम होता की’ आणि ‘इतका गरम चहा होता की’, आपल्याला यात काही फरकच वाटत नाही. इंग्लिशला वाटतो. पहिल्यात गरम एकटा उभा आहे म्हणून ‘द टी वॉज सो हॉट दॅट’, दुसऱ्यात गरमच्या मागोमाग चहा आलाय म्हणून ‘इट वॉज सच हॉट टी दॅट’. म्हणजे रिकाम्या जागेनंतरचं ॲडजेक्टिव्ह बघायचं, त्याला जोडूनच पुढे नाऊन भेटलं तर सच, नाही भेटलं तर सो.

नाऊन एकवचनी आणि मोजता येणारं असेल तर सचनंतर अ किंवा ॲन हवाच, ‘सच अ हेवी बॅग’. टी, वेदर, ॲडव्हाइस हे मोजता येत नाहीत म्हणून तिथे अ नको, ‘सच बॅड वेदर’. यातून उलटी हिंट पण मिळते: रिकाम्या जागेनंतर लगेच अ असेल तर डोळे झाकून सच. अ जर ॲडजेक्टिव्हच्या नंतर असेल, ‘डॅश हेवी अ बॅग दॅट’, तर सो. ही रचना जरा पुस्तकी आहे पण मुद्दाम फसवायला विचारतात.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवायलाच लागतो. मेनी, मच, फ्यू आणि लिटल यांच्यापुढे नाऊन असलं तरी सोच येतो, ‘सो मेनी पीपल’, ‘सो मच नॉइज’. पण ‘अ लॉट ऑफ’ असेल तर ‘सच अ लॉट ऑफ नॉइज’, कारण तिथे परत अ आला.

टू काढून सो दॅट करायला सांगतात तेव्हाचं एक उदाहरण पूर्ण करून दाखवते, कारण मार्क जास्त तिथेच जातात. वाक्य घ्या, ‘द टी वॉज टू हॉट फॉर मी टु ड्रिंक’. टू च्या जागी सो, हे सगळे करतात. पुढे ‘फॉर मी’ चा ‘दॅट आय’ होतो, म्हणजे कर्ता फॉरच्या मागे लपलेला होता तो बाहेर आला. लपलेला नकार आता लिहायला लागणार, आणि वाक्य वॉजचं आहे म्हणून कान्ट नाही, ‘कुडंट’. शेवटी ड्रिंक, पण काय प्यायचं? मूळ वाक्यात चहा आधीच आलाय म्हणून ‘ड्रिंक इट’ म्हणत नाहीत, इथे मात्र दॅटनंतर नवं वाक्य सुरू झालं म्हणून इट घालायलाच हवं. झालं, ‘द टी वॉज सो हॉट दॅट आय कुडंट ड्रिंक इट’. माझ्या बॅचमध्ये निम्मी पोरं इट विसरतात आणि उरलेली कॅन्ट लिहितात.

उलटं करताना, सो काढून टू घालताना, हाच इट उडवायचा, नाहीतर ‘टू हॉट टु ड्रिंक इट’ असं विचित्र वाक्य तयार होतं. आणि हे रूपांतर दॅटनंतर नकार असेल तरच होतं. ‘सो हॅपी दॅट शी डान्स्ड’ ला टू लावायला गेलात तर ती आनंदाच्या भरात नाचलीच नाही असा अर्थ होईल.

परवा एका मुलीने मलाच अडकवलं, ‘दे वेअर डॅश लिटल चिल्ड्रन दॅट’, मी सवयीने सो म्हणणार होते कारण पुढे लिटल. पण इथला लिटल ‘थोडं’ नाही, ‘लहान’ आहे, साधं ॲडजेक्टिव्ह आणि त्याच्या पुढे नाऊन, म्हणजे सच. ‘सो लिटल मिल्क’ आणि ‘सच लिटल चिल्ड्रन’.