मायना कुठे मोडतो ते बघा

“शाळेत पत्रलेखनाच्या प्रश्नात ‘मायना’ शिकलो. पत्ररूप कादंबरीवर लिहिताना हा शब्द वापरला तर चालेल का, की तो परीक्षेपुरताच? आणि रोजनिशीला तर मायनाच नसतो, तरी तीही पत्रासारखीच जवळची का वाटते?”
– एम.ए. मराठीचा विद्यार्थी, यवतमाळ जिल्हा

चालेल, आणि जरूर वापरा. ‘ती. बाबांस शि. सा. नमस्कार वि. वि.’ हा मायना. ‘कळावे, लोभ असावा ही विनंती’ हे शेवटचं वाक्य त्याचाच जोडीदार. समीक्षेत ज्याला उद्देशून निवेदन चालतं त्याला ‘संबोधित’ म्हणतात. पत्रात हा संबोधित पहिल्याच ओळीत समोर येऊन बसतो. कोण मोठं, कोण लहान, कोणाचा धाक आणि कोणाशी मोकळीक, हे मजकूर सुरू व्हायच्या आधीच आपल्याला कळलेलं असतं. म्हणजे या पत्रात काय लिहिता येईल आणि काय लिहिता येणार नाही, त्याची हद्द मायनाच आखतो.

हे मला पुस्तकाआधी एका आजीकडून कळलं. आमच्या गावात शेजारच्या आजीला लिहिता येत नव्हतं. मुलगा नागपूरला मिलमध्ये होता. मी सातवी-आठवीत असेन. ती अंतर्देशीय पत्र घेऊन ओट्यावर बसायची आणि सांगायची, “लिही बाप्पा, तू गेल्यापासून घर खायाले धावते. पऱ्हाटी बरी हाये.” मी शाळेत शिकवल्याप्रमाणे लिहायचो, ‘चि. यास अनेक आशीर्वाद. येथील सर्व क्षेम. पीकपाणी ठीक.’ एकदा तिनं ते वाचून दाखवायला सांगितलं. ऐकून म्हणाली, “हे मी कवा म्हटलं?” मग मी मायना तसाच ठेवला आणि त्याच्याखाली तिचं वाक्य जसंच्या तसं घातलं. ‘येथील सर्व क्षेम’ आणि त्याला लागून ‘घर खायाले धावते’. दोन्ही एकाच कागदावर. माझ्या मते पत्ररूप लेखनातली सगळी जवळीक या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत असते. मायना म्हणतो सगळं ठीक आहे, आणि पुढची ओळ म्हणते की नाही. विश्लेषण करताना ठरीव भाषा कुठे मोडली ते आधी शोधा, कारण माणूस तिथेच बोलायला लागतो.

आता एकच प्रसंग तीन कागदांवर घेऊ. मजकूर माझाच आहे, फक्त उदाहरणासाठी. कापूस विकला, पण चुकारा मिळाला नाही, म्हणून घरच्या बाईनं गळ्यातली पोत गहाण ठेवली.

वडिलांना ती लिहिते : ‘ती. बाबांस शि. सा. नमस्कार. येथील सर्व खुशाल. वेचणी सुरू आहे, म्हणून दिवाळीला येणे जमणार नाही.’

बहिणीला : ‘ताई, दिवाळीला येत नाही. गळ्यात नुसते काळे मणी पाहून आई विचारेल. पोत सावकाराकडे ठेवली आहे. बाबांना सांगू नको.’

रोजनिशीत : ‘चुकारा नाही. पोत दिली. संध्याकाळी आरशात पाहिलं नाही.’

वडिलांच्या पत्रात उघड खोटं काय आहे, ते बघा. वेचणी खरंच सुरू आहे, आणि येणंही खरंच जमणार नाही. ‘सर्व खुशाल’ हे ठरीव वाक्य सोडलं, तर खोटा आहे तो फक्त ‘म्हणून’. पण हे तुम्हाला त्या पत्रावरून कळत नाही, बहिणीचं पत्र वाचल्यावर कळतं. म्हणून पत्ररूप कादंबरीत क्रम फार महत्त्वाचा. वडिलांचं पत्र आधी आलं तर वाचक वडिलांसारखाच फसतो आणि नंतर चपापतो. बहिणीचं आधी आलं तर वडिलांचं पत्र वाचताना तो त्या गुपितात सामील असतो. दोन्ही पत्रं आपल्या नावची नाहीत, पण दोन्ही वाचलेला माणूस एकटे आपणच. ना वडिलांना सगळं ठाऊक, ना बहिणीला. ही जागा साध्या प्रथमपुरुषी निवेदनात मिळत नाही, तिथे निवेदक सरळ आपल्याशीच बोलतो. तेव्हा टिपणं काढताना प्रत्येक पत्रापुढे लिहून ठेवा की या क्षणी कोणाला काय ठाऊक आहे. निम्मं विश्लेषण त्यातच होतं.

दुसरी खूण क्रियापदात आहे. ‘पोत ठेवली आहे’ म्हणजे ती अजून तिथेच आहे, सुटेल की बुडेल हे लिहिणारीलाही माहीत नाही. तिथे ‘ठेवली होती’ आलं असतं तर गोष्ट कडेला लागली आहे असं वाटलं असतं. पत्र घटनांच्या अधेमधे लिहिलं जातं, आणि पुढचं कळत नाही याचा ताण वाचकालाही लागतो. एखाद्या ‘पत्ररूप’ कादंबरीत पानोपानी ‘होती’, ‘होता’ आणि ‘पुढे मला कळलं की’ असं येत असेल, तर ती बहुधा आठवणींची कादंबरी आहे, वरून तारीख आणि मायना चिकटवलेला. जुनी हकिगत सांगणाऱ्या पत्रात ‘होती’ येणारच, त्याला दोष देऊ नका. चालू असलेल्या संकटाबद्दल ते येतं का, ते पाहा.

याचं उलट टोकही आहे. सॅम्युएल रिचर्डसनच्या ‘पामेला’त (१७४०) मोलकरीण मुलगी आईवडिलांना घडतं तसं लिहीत जाते. पुढच्याच वर्षी हेन्री फील्डिंगनं ‘शामेला’त त्याची थट्टा केली. तिथली नायिका अंथरुणात आहे, मालक दार उघडून आत येतोय, आणि हिचं लिहिणं सुरूच! कागद-पेन हातात घ्यायला सवड होती का, हा प्रश्न प्रत्येक पत्राला विचारावा.

रोजनिशीसाठीही ‘पामेला’च उपयोगी आहे. तिला डांबून ठेवल्यावर पत्रं पाठवता येत नाहीत, तेव्हा तिची पत्रं हळूहळू रोजनिशी होतात आणि ते कागद ती कपड्यात शिवून ठेवते. म्हणजे रोजनिशी हे पोचायची वाट बंद झालेलं पत्र असू शकतं. तिथे मायना नसतो, कारण कोणाची मर्यादा सांभाळायची नसते. वरची तिसरी नोंद पुन्हा वाचा. त्यात ‘मी’ नाही, आणि ‘दिली’, ‘पाहिलं’ या क्रियापदांवरून लिहिणारा पुरुष की बाई हेही कळत नाही. चुकारा कशाचा, पोत कोणाची, काहीच सांगितलेलं नाही. स्वतःला कोण समजावून सांगतं? आपल्यासाठी काहीच न उलगडलेलं वाचायला मिळतं, म्हणून ती जवळची वाटते. पत्रात आपण दुसऱ्याच्या जागी बसतो. इथे बसायला जागाच नसते, आपण नुसते दाराआड उभे असतो.

त्यामुळे रोजनिशीत ‘माझे वडील, जे शेती करतात’ असं वाक्य आलं की समजा, लेखकाला वाचक आठवला. पत्रातही हाच दोष येतो, ‘ताई, तुला ठाऊकच आहे की आपले बाबा तापट आहेत’. ताईला ठाऊक आहे तर ते लिहिलं कोणासाठी? चांगला लेखक तीच माहिती ‘बाबांना सांगू नको’ एवढ्यात देतो.

तुमच्या लेखात ‘मायना’ घाला, पण त्याच्यासोबत तो बदलतो कधी तेही दाखवा. पहिल्या पत्रात ‘ती. बाबांस’, दहाव्यात नुसतं ‘बाबा,’ आणि शेवटच्यात मायनाच नाही, असं एखाद्या कादंबरीत सापडलं तर त्या तीन ओळींवरच एक परिच्छेद लिहा. ताजा कलमही सोडू नका. ‘कळावे’ लिहून झाल्यावर, जागा संपत आल्यावर, कडेला आडवं लिहिलेलं जे असतं, ते सांगायलाच पुष्कळदा बाकीचं पत्र लिहिलेलं असतं. त्या आजीच्या पत्रात तिथे दर वेळी एकच ओळ असायची : ‘कधी येतं ते लिही.’