सुई आणि रेघा: एकसमान असतो तो कोन, उंची नव्हे

> सुईची लांबी आणि दोन रेघांमधलं अंतर सारखंच घेतलं. सुई कशीही पडली तरी तिची उभी उंची 0 ते L मध्ये काहीही असू शकते, म्हणून सरासरी L/2 धरली. संभाव्यता 1/2 आली. पुस्तकात 2/π आहे. माझं काय चुकलं? आणि सुई लांब घेतली की पुस्तकातलं सूत्र 1 च्या वर जातं, ते कसं?

सारख्या अंतरावर समांतर रेघा मारलेल्या कागदावर सुई टाकली, तर ती एखादी रेघ कापेल याची संभाव्यता किती, असा हा प्रश्न. तुमच्या मांडणीतला अर्धा भाग अगदी बरोबर आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. रेघांमधलं अंतर d, सुईची लांबी L, आणि सुईने रेघांशी केलेला कोन θ. रेघांच्या काटकोनात मोजलं तर सुई L sin θ एवढी जागा व्यापते. यालाच तुम्ही उभी उंची म्हणताय. कोन पक्का धरून सुई फक्त वर-खाली सरकवली, तर ही उंची d पेक्षा कमी असेतोवर रेघ कापली जाण्याची संभाव्यता L sin θ / d असते. इथवर तुमचा विचार ठीक आहे.

घोटाळा पुढच्या पायरीवर झाला. उंची 0 ते L मध्ये काहीही असू शकते हे खरं, पण तेवढ्यावरून सगळ्या उंची सारख्याच वेळा येतील असं ठरत नाही. सुई टाकताना कोणतीही दिशा दुसरीपेक्षा जवळची नसते, म्हणून एकसमान धरायचा तो कोन. उंची त्या कोनातून निघते, आणि निघताना तिचं वाटप वाकडंतिकडं होतं.

आकडे घालून बघा. ० ते ९० अंशांचे तीन सारखे भाग करा. प्रत्येक भागात एक तृतीयांश सुया पडतील. ० ते ३० अंशांच्या सुयांची उंची ० पासून L च्या निम्म्यापर्यंत जाते. म्हणजे उंचीच्या खालच्या अर्ध्या पट्ट्यात निम्म्या नाही, फक्त एक तृतीयांश सुया आहेत. उलट ६० ते ९० अंशांच्या सुया ०.८६६ L ते L एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात दाटीवाटीने बसतात. सुई रेघांना जवळजवळ काटकोनात असताना कोन थोडा हलला तरी उंची फारशी बदलत नाही, म्हणून ही गर्दी. ही सगळी गर्दी वरच्या टोकाला असल्याने सरासरी उंची ०.५ L वर न राहता ०.६३६६ L पर्यंत चढते, आणि हेच ते 2/π.

आता संकलन नीट मांडू. सुईच्या मध्यबिंदूपासून सर्वांत जवळच्या रेघेचं अंतर x घ्या. ते 0 ते d/2 मध्ये एकसमान आहे. θ हा 0 ते π/2 मध्ये एकसमान, आणि दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र. म्हणून संयुक्त घनता (2/d)·(2/π) = 4/(πd). मध्यापासून सुई रेघेच्या दिशेने (L/2) sin θ एवढीच पोचते, तेव्हा रेघ कापली जाण्याची अट x ≤ (L/2) sin θ. सुई d पेक्षा लांब नसेल तर:

```
P = ∫[0..π/2] ∫[0..(L/2) sin θ]  4/(πd)  dx dθ
  = (2L/(πd)) ∫[0..π/2] sin θ dθ
  = 2L/(πd)
```

शेवटचं संकलन 1 येतं. L = d घातलं की 2/π. कोन 0 ते 2π घेतला तरी चालतं, फक्त तेव्हा sin θ चं केवळ मूल्य घ्यायचं आणि घनता त्याप्रमाणे कमी करायची. तसं केलं नाही तर धन आणि ऋण भाग एकमेकांना खातात आणि उत्तर शून्य येतं. हे सहज घडतं, म्हणून मी 0 ते π/2 वरच राहतो.

दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. L = 2d घेतलं तर वरचं सूत्र 4/π म्हणजे १.२७३ देतं. कारण साधं आहे. x हा d/2 च्या पुढे जाऊच शकत नाही, पण ३० अंशांच्या वर (L/2) sin θ = d sin θ हे d/2 ला ओलांडतं. आतल्या संकलनाची वरची मर्यादा जिथे x अस्तित्वातच नाही तिथे जाऊन बसली. म्हणून कोनाचे दोन तुकडे करायचे. ३० अंशांपर्यंत जुनी मर्यादा ठेवायची, आणि त्यापुढे सरळ d/2, कारण तिथे सुई रेघ कापणारच.

```
P = (4/(πd)) [ ∫[0..π/6] d sin θ dθ + ∫[π/6..π/2] (d/2) dθ ]
  = (4/π) [ (1 − cos 30°) + π/6 ]
  = (4/π) (0.1340 + 0.5236)
  ≈ 0.837
```

मग ते १.२७३ टाकाऊ आहे का? मुळीच नाही. लांब सुई एका फेकीत दोन रेघाही कापू शकते, आणि दर फेकीला सरासरी किती रेघा कापल्या जातील ते 2L/(πd) सांगतं. छोट्या सुईला एकापेक्षा जास्त रेघ कापणं जमतच नाही, म्हणून तिच्या बाबतीत सरासरी संख्या आणि संभाव्यता एकच ठरतात.

हातानेही पडताळून बघा. L = d ठेवून १०० फेकी केल्या तर अपेक्षित ६४ च्या आसपास, आणि प्रमाण विचलन साधारण ५. तुमचं ५० हे त्यापासून जवळजवळ तीन विचलनं दूर पडतं, म्हणजे १०० फेकींतही दोन उत्तरांमधला फरक बहुधा दिसून येईल. एक मात्र सांभाळा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा सुई दरवेळी एकाच धाटणीने धरून सोडत होतो आणि बहुतेक सुया रेघांना आडव्या पडत होत्या. कापण्याचं प्रमाण सारखं जास्तच येत राहिलं. नंतर दर फेकीआधी कागद फिरवून ठेवायला लागलो तेव्हा ते खाली आलं. जागेची तेवढी चिंता नको. रेघा पुन्हापुन्हा येत असल्याने x आपोआप बऱ्यापैकी पसरतो. कोन मात्र हाताच्या सवयीला पटकन बळी पडतो.

या प्रयोगातून π काढायचा मोह झाला तर हाच प्रयोग करणाऱ्या इटालियन गणितज्ञ लाझ्झारिनीचे १९०१ चे आकडे डोळ्यांपुढे ठेवा. २.५ सेंमी सुई, ३ सेंमी अंतर, ३४०८ फेकी, १८०८ वेळा रेघ कापली. त्यातून π = 355/113, म्हणजे सहा दशांश स्थळांपर्यंत बरोबर. पण एवढ्या फेकींत कापण्याची संख्या सहज २९ इकडेतिकडे होते, आणि एकच कमी होऊन १८०७ झाली असती तरी उत्तर ३.१४३३ आलं असतं.