दुसऱ्या चौकोनातली ओळ

प्रश्न: "रोज अर्जंट-इम्पॉर्टंटचे चार चौकोन आखतो, सगळी कामं त्यात भरतो. तरी दिवस जर्नल, असाइनमेंट, नोट्स यातच जातो आणि अवघड टॉपिक तसेच राहतात. माझं नेमकं काय चुकतंय?"

दिवसाची पहिली चाळीस मिनिटं दुसऱ्या चौकोनाला द्या, म्हणजे महत्त्वाच्या पण घाई नसलेल्या कामाला. आणि त्या चौकोनात टॉपिकचं नाव लिहू नका, एका बैठकीत संपेल एवढंच काम लिहा. पुढचं सगळं लिहितेय कारण याच गोष्टीवरून माझं आणि माझ्या मोठ्या भावाचं वर्षभर वाजत होतं, आणि तुमचा प्रश्न वाचून ते पुन्हा वर आलं.

माझं प्रवेश परीक्षेच्या तयारीचं वर्ष होतं. दादाचं मत ठाम होतं: "आधी बारीकसारीक उरकून घे. डोकं मोकळं झालं की अवघडाला हात घाल." ऐकायला पटणारं होतं, म्हणून मी तसंच करायचे. सकाळी यादी करायची, सोप्यापासून सुरुवात करायची आणि एकेका कामावर टिक करत जायचं. दिवसाला दहा-अकरा कामं असायची, त्यातली आठ-नऊ व्हायची. रात्री वही मिटताना खूप अभ्यास झाला असं वाटायचं.

एका रविवारी मागची पानं उलटत बसले होते. 'रोटेशन करायचं' ही ओळ मी सलग एकोणीस दिवस एका पानावरून पुढच्या पानावर उतरवली होती. शाई बदललेली, अक्षर कधी नीट कधी घाईतलं, शब्द मात्र तेच. एकोणीस दिवसांत रोटेशनल मोशनचं एकही गणित मी सोडवलं नव्हतं. त्याच एकोणीस दिवसांत ऑप्टिक्सच्या नोट्स दोन रंगांत पुन्हा उतरवून काढल्या होत्या.

चार चौकोन मी त्या रविवारी पहिल्यांदा आखले, आणि पहिल्याच प्रयत्नात फसले. सगळंच पहिल्या चौकोनात जाऊन बसलं. अभ्यासाचं कुठलंही काम महत्त्वाचंच वाटतं आणि मन खाऊ लागलं की घाईचंही वाटतं. तुमचंही बहुतेक हेच होत असणार. म्हणून मी दोन प्रश्न ठरवले आणि प्रत्येक कामाला तेच विचारायला लागले. घाईसाठी: हे आज केलं नाही तर उद्या नेमकं काय हातचं जाईल? महत्त्वासाठी: तीन आठवड्यांनी, पुस्तक बंद असताना, या कामामुळे मला असं काही सोडवता येईल का जे आज येत नाही?

त्या दिवशीच्या यादीत पाच कामं होती. जर्नलचे दोन प्रयोग दुसऱ्या दिवशी द्यायचे होते, म्हणजे घाई खरी होती. पण त्यातून नवं काही येणार नव्हतं, म्हणून तिसरा चौकोन. दादा लगेच म्हणाला, "जर्नलला मार्क असतात." बरोबर आहे. मार्क जर्नल पूर्ण आणि बरोबर असण्याला असतात. आकृती तिसऱ्यांदा खोडून काढण्याला नसतात. जर्नल पूर्ण करायलाच हवं, ते सुंदर करणं आपण स्वतःहून वाढवलेलं काम असतं.

दुसरं काम, दोन दिवसांपूर्वीच्या सराव पेपरातल्या चुका बघणं. हे मला कोणीच विचारणार नव्हतं, तरी ते पहिल्या चौकोनात गेलं. चुकीचा पर्याय आपण का निवडला हे दोन दिवसांनी अंधूक आठवतं, आठवड्याने अजिबात आठवत नाही. मग उरतो फक्त बरोबर उत्तर वाचण्याचा उपचार. काही कामांची घाई कुठल्याच तारखेत दिसत नाही, ती आपल्या विसरण्यात असते.

तिसरं, ग्रुपवर आलेल्या मैत्रिणींच्या शंका. घाई त्यांची होती, त्यामुळे तिसरा चौकोन. चौथं, ऑप्टिक्सच्या नोट्स फेअर करणं. इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण ते काम हुबेहूब अभ्यासासारखं दिसतं. टेबल, वही, पेन सगळं असतं. पण त्या नोट्स मला आधीच कळलेल्या होत्या. ना घाई, ना महत्त्व: चौथा चौकोन, आणि चौथ्या चौकोनातलं काम करायचंच नसतं. पाचवं रोटेशन. दुसऱ्या चौकोनात ते एकटंच होतं.

या पद्धतीला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचं नाव चिकटलं आहे. १९५४ सालच्या एका भाषणात ते म्हणाले होते की अडचणी दोन तऱ्हेच्या असतात, तातडीच्या आणि महत्त्वाच्या; तातडीच्या महत्त्वाच्या नसतात आणि महत्त्वाच्या कधीच तातडीच्या नसतात. तेही त्यांनी एका माजी कॉलेज अध्यक्षांचं म्हणणं म्हणून सांगितलं होतं. नंतर त्याचे चौकोन झाले आणि तिसऱ्या चौकोनात सल्ला आला: हे दुसऱ्याकडे सोपवा. ज्याच्या हाताखाली माणसं आहेत त्याला हे जमतं. विद्यार्थ्याने जर्नल कोणाकडे सोपवायचं? म्हणून अभ्यासात तिसऱ्या चौकोनाचा अर्थ मी असा लावते: सगळी कामं एकत्र बांधा, डोकं थकल्यावरची वेळ द्या आणि घड्याळ लावा. माझी वेळ संध्याकाळची होती. जर्नलला पन्नास मिनिटं, ग्रुपला पंधरा.

आता रोटेशनकडे येते. 'रोटेशन करायचं' हे काम नाही, तो आख्खा धडा आहे. त्याच्याकडे बघितलं की हात आपोआप सोप्या कामाकडे जातो. मी ती ओळ खोडली आणि लिहिलं: भरीव गोळा उतारावरून न घसरता घरंगळतो. त्याचा प्रवेग पुस्तक बंद करून काढायचा. चाळीस मिनिटं.

पहिल्या सकाळी उत्तर आलं g sinθ. हे तर घर्षण नसलेल्या उतारावरून नुसत्या घसरणाऱ्या ठोकळ्याचं उत्तर. घर्षण मी धरलंच नव्हतं. दुसऱ्या सकाळी घर्षण धरलं, पण उताराच्या खालच्या दिशेने:

```
mg sinθ + f = ma
fR = (2/5) m R² · (a/R)
a = (5/3) g sinθ
```

या उत्तराकडे मी पंचवीस मिनिटं बघत बसले. घरंगळणारा गोळा घर्षणाशिवाय घसरणाऱ्या ठोकळ्यापेक्षा जास्त वेगाने खाली येतोय! हे शक्य नाही एवढं कळत होतं, चूक कुठे आहे ते कळत नव्हतं. मग कागदावर गोळा काढला आणि स्वतःला विचारलं, याला फिरवतंय कोण? वजन तर मध्यातून जातं, ते फिरवू शकत नाही. उताराला टेकलेल्या बिंदूवरचं घर्षणच त्याला फिरवतं, आणि खाली जाताना ज्या बाजूने फिरायला हवं तसं फिरवायचं तर ते वरच्या दिशेनेच हवं. चिन्ह बदललं, `a = (5/7) g sinθ` आलं. तिसऱ्या सकाळी तेच कोऱ्या कागदावर दहा मिनिटांत आलं, उरलेल्या तीस मिनिटांत पोकळ गोळा झाला.

दादाचं म्हणणं चुकीचं का, ते मला त्या पंचवीस मिनिटांत कळलं. अवघड टॉपिकमधला खरा अभ्यास म्हणजे ते अडकून बसणं. अडकलेलं असताना टिक मिळत नाही, पान भरत नाही. त्या वेळी यादीत चार बारकी कामं वाट बघत असली की माणूस "पाच मिनिटांत जर्नलची आकृती काढून येतो" म्हणून उठतो आणि परत येत नाही. आणि बारीकसारीक उरकून डोकं मोकळं होतं हेही मला मान्य नाही. ते थकतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातल्या प्रयोगांत असं दिसलं की मुदत जवळ दिसली की लोक कमी मोबदल्याचं काम उचलतात आणि जास्त मोबदल्याचं बाजूला ठेवतात. जर्नलला उद्याची तारीख असते, रोटेशनला नसते. एवढ्या एका कारणाने जर्नल रोज जिंकतं.

म्हणून दुसऱ्या चौकोनातल्या कामाला टिक करायचा नियम मी बदलला. उत्तर आलं तर टिक, हे बंद केलं. चाळीस मिनिटं बसले आणि शेवटी 'कुठे अडकले' याची एक ओळ लिहिली, की टिक. त्या दुसऱ्या दिवशी वेळ संपेपर्यंत चिन्ह सुधारलं नसतं तरी 'गोळा ठोकळ्यापेक्षा जास्त वेगाने येतोय, असं का' एवढी ओळ पुरली असती, कारण पुढच्या सकाळी सुरुवात तिथूनच झाली असती.

चौकोन बिघडलाय हे ओळखायच्या दोन खुणा सांगते. दुसऱ्या चौकोनातली एकच ओळ तीन दिवस तशीच पुढे जात असेल, तर ती फार मोठी आहे, अजून कापा. आणि पहिल्या चौकोनात रोज चार-पाच कामं असतील, तर घाईचा प्रश्न तुम्ही प्रामाणिकपणे विचारत नाही आहात.

हे सगळीकडे चालेल असंही नाही. परीक्षा चार दिवसांवर असेल तर नवा अवघड टॉपिक उघडू नका, तेव्हा येतंय ते पक्कं करा. आणि अडकण्याचं कारण मागचा धडा कच्चा असणं हे असेल, तर चाळीस मिनिटं रोज बसूनही काही हलणार नाही. मला टॉर्क कळलेला होता म्हणून तीन दिवसांत सुटलं. नसता तर आधी शिक्षकांकडे जायला हवं होतं. खरोखर दोन मिनिटांचं एखादंच काम असेल तर ते आधी करून टाकायलाही हरकत नाही. दादाच्या म्हणण्यातलं तेवढं मी मानते.

महिन्याभराने मी ती वही दादाला दाखवली. रोटेशनची सव्वीस गणितं झाली होती. त्याने पानं उलटली, संध्याकाळच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "म्हणजे जर्नल शेवटी ठेवायला लागलीस." हो, शेवटी ठेवलं. आणि एकदाही उशिरा दिलं नाही.