तांब्याची कळशी फिरते, पण फिरताना दिसत नाही

प्रश्न: नाशिकच्या भांडी बाजारात वडिलांचं तांब्या-पितळेचं छोटं दुकान आहे. स्टेटसला टाकायला ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये कळशी बनवली, गोल फिरवली आणि ६ सेकंदांचा व्हिडिओ केला. पण कळशी जागेवर उभीच वाटते, फिरताना दिसत नाही. शिवाय व्हिडिओ परत सुरू होताना अडखळतो. काय चुकतंय?

उत्तर:

तुमची कळशी फिरते आहे, पण ती सगळीकडून सारखी आहे. कुंभाराच्या चाकावर मडकं बरोबर मध्यावर आलं की लांबून ते थांबल्यासारखंच दिसतं. चाक फिरतंय हे कुंभाराच्या बोटांवरून किंवा चाकावरच्या चिखलाच्या डागावरून कळतं. गुळगुळीत, गोल घडणीच्या भांड्याचं तेच होतं. पहिली फ्रेम आणि सदतिसावी फ्रेम, म्हणजे पाव फेरी झाल्यावरची, शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोन्ही चित्रं हुबेहूब सारखी निघाली, तर हेच कारण आहे.

म्हणून कळशीच्या अंगावर डोळ्याला धरता येईल असं काहीतरी हवं. तांब्याच्या भांड्यावर ते मुळातच असतं, ते म्हणजे मठारकाम, हातोडीच्या ठोक्यांच्या ओळी. नाशिकमधल्याच एका दुकानासाठी मी अशी जाहिरात केली, तेव्हा खरी कळशी चार दिवस घरी आणून ठेवली होती. पोटाच्या सर्वांत फुगीर भागावर दोरा गुंडाळून मोजला, तो ६९ सेंटिमीटर भरला. मग एका ठोक्यावर स्केचपेनने टिंब केलं आणि त्या ओळीतले ठोके मोजत गेलो. ते ७२ निघाले. म्हणजे एक ठोका एक सेंटिमीटरला थोडा कमी. तुमच्या दुकानात तर खऱ्या कळश्या समोरच आहेत. अंदाजाने करू नका, मोजून घ्या. हा आकडा पुढे लागणार आहे.

कळशीचा आकार तुम्ही बहुतेक बाजूच्या रेषेवरून `Screw` मॉडिफायरने फिरवून काढला असेल. त्यातच `Stretch U` आणि `Stretch V` अशा दोन खुणा आहेत, त्या चालू करा. त्याने चित्र कळशीभोवती नीट गुंडाळलं जातं. आता एकाच ठोक्याचं छोटं चौकोनी चित्र बनवा: मध्ये काळं, कडेला हळूहळू पांढरं. ते `Bump` च्या `Height` ला जोडा आणि `Mapping` मध्ये X चा `Scale` ७२ आणि Y चा वरून खाली जितक्या ओळी असतील तितका ठेवा. आकडा पूर्णांकच हवा. साडेबहात्तर ठेवलात तर एका जागी अर्धा ठोका कापला जातो आणि दर फेरीला ती उभी शिवण समोरून जाते. `Bump` मधलं `Distance` मात्र बघून घ्या. कळशी खऱ्या मापाची असेल तर तिथे 0.0005 च्या आसपास, म्हणजे अर्धा मिलिमीटर पुरतो. जास्त झालं की कळशी सीताफळासारखी दिसू लागते.

हे सगळं करून मी पहिला व्हिडिओ पाहिला आणि कळशी नुसती थरथरत होती. ती कुठल्या बाजूला फिरते आहे हे मलाही सांगता येईना, दुकानदारालाही नाही. अर्धा दिवस दिव्यांशी खेळण्यात घालवला, पण दोष दिव्यांचा नव्हता. हिशेब असा आहे: सेकंदाला २४ फ्रेम, ६ सेकंद, म्हणजे १४४ फ्रेममध्ये एक फेरी. दर फ्रेमला कळशी अडीच अंश सरकते. ठोके ७२, म्हणजे एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत पाच अंश. म्हणजे प्रत्येक फ्रेमला ठोका बरोबर अर्धं अंतर जातो. आता डोळ्याने काय समजायचं? डावा ठोका उजवीकडे आला, की उजवा डावीकडे गेला? दोन्ही सारखंच खरं वाटतं, आणि नजर अडकते. सिनेमात गाडीची चाकं उलटी फिरताना दिसतात, त्यातलाच हा प्रकार.

यावर माझा उपाय सरळ आहे: फेरी १२ सेकंदांची करा. २८८ फ्रेम झाल्या की दर फ्रेमला सव्वा अंश, म्हणजे ठोक्यांमधल्या अंतराचा पाव भाग. मग दिशा स्पष्ट कळते. तुमचे ठोके ७२ पेक्षा वेगळे असतील तरी कसोटी हीच: ३६० ला ठोक्यांनी भागा, आणि एका फ्रेमची हालचाल त्या उत्तराच्या पाव भागाहून जास्त होऊ देऊ नका. ६ सेकंदांचा हट्ट सोडा असं मी वजनासाठीही म्हणतो. भरीव तांब्याची कळशी ६ सेकंदांत गर्रकन फिरली की ती पत्र्याच्या खेळण्यासारखी हलकी वाटते. हळू फिरली की हाताला वजन जाणवतं.

दुसरी खूण म्हणजे नाव. आपल्याकडे भांडं घेतलं की त्यावर नाव घालून घेतात. तसंच दुकानाचं नाव कळशीच्या खांद्यावर घाला. दर फेरीला ते एकदा समोर येईल आणि वेगळी पाटी लावायची गरज उरणार नाही. पण ब्लेंडरच्या `Text` मध्ये थेट मराठी टाइप करू नका. माझ्याकडे तिथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं सुटी पडतात. इंकस्केपमध्ये नाव टाइप करून काळ्यावर पांढरं PNG काढा आणि ते चित्र दुसऱ्या `Bump` ला द्या आणि तिथे `Invert` चालू करा, नाहीतर अक्षरं आत जाण्याऐवजी वर येतील. चित्राच्या नोडवर `Repeat` च्या जागी `Clip` निवडा, नाहीतर नाव कळशीभर उमटेल. घडवलेल्या नावाच्या अक्षरांत जी टिंबं टिंबं असतात, ती चित्रातही ठेवलीत तर ते छापल्यासारखं न वाटता कोरल्यासारखं वाटतं.

नाव आलं की दिशेचा प्रश्न येतो, आणि याकडे फार कमी लोक लक्ष देतात. ब्लेंडरमध्ये Z वर अधिक अंश दिले तर कळशीची समोरची बाजू डावीकडून उजवीकडे जाते. मग नावाचं शेवटचं अक्षर आधी दिसतं आणि पहिलं शेवटी. वाचणाऱ्याला नाव पूर्ण येईपर्यंत काहीच लागत नाही. उणे दिशेने, म्हणजे वरून पाहिलं तर प्रदक्षिणेच्या दिशेने फिरवा. मग उजव्या कडेवरून पहिलं अक्षर आधी उगवतं आणि नाव ओळीने वाचत येतं. पहिल्या फ्रेमला नाव मध्यापासून थोडं उजवीकडे, पण पूर्ण वाचता येईल असं ठेवा. स्टेटस बघणारा माणूस दोन सेकंदांत पुढे जातो, त्याला नाव तेवढ्यात दिसलं पाहिजे.

आता अडखळण्याबद्दल. तुम्ही बहुधा पहिल्या फ्रेमला ० आणि १४४ व्या फ्रेमला ३६० अंशांची कीफ्रेम दिली आहे. ० आणि ३६० ही एकच जागा आहे, म्हणजे तेच चित्र लागोपाठ दोनदा येतं आणि कळशी क्षणभर थबकते. शिवाय ब्लेंडर आपणहून सुरुवातीला आणि शेवटी वेग कमी करतं. म्हणून दर फेरीला ती दमल्यासारखी थांबून परत निघते. दोन्ही दोष एकदम घालवायचे तर कीफ्रेम देऊच नका. कळशी एका `Empty` ला जोडा आणि त्या `Empty` च्या Z रोटेशनच्या रकान्यात हे टाइप करा:

```
#-(frame-1)/288*2*pi
```

रकाना जांभळा झाला की सूत्र लागलं. रेंडर १ ते २८८ करा. कीच वापरायच्या असतील तर शेवटची की २८९ व्या फ्रेमला ठेवा, रेंडर मात्र २८८ वर थांबवा आणि दोन्ही की निवडून `T` दाबून `Linear` करा. तपासायचं सोपं आहे: पहिली आणि शेवटची फ्रेम एकावर एक ठेवा. त्या तंतोतंत जुळल्या तर अजून चूक आहे. शेवटच्या फ्रेममध्ये कळशी एक पाऊल मागे असायला हवी. काही मोबाइलचे प्लेअर व्हिडिओ परत लावताना स्वतःच थोडा वेळ घेतात, म्हणून निकाल ब्लेंडरमध्येच बघा.

`Empty` ला फक्त कळशी जोडा, दिवे नाही. दिवेही तिच्याबरोबर फिरले तर चमक कळशीला चिकटल्यासारखी फिरते, चमकी कागद डकवल्यासारखी. तांब्याला स्वतःचा असा उजेड नसतो, समोर जे असेल तेच ते दाखवतं. काळ्या पार्श्वभूमीवर एकच दिवा ठेवला तर कळशी काळीच दिसणार. दोन्ही बाजूंना कळशीच्या दुप्पट उंचीचे, अरुंद `Area` दिवे उभे ठेवा आणि मधला भाग मुद्दाम अंधारा सोडा. दिवे स्थिर आणि कळशी फिरती असली की प्रत्येक ठोका त्या उजेडाच्या पट्ट्याखाली येतो, चमकतो आणि चमक पुढच्याला देऊन जातो. तुमच्या वडिलांनी गिऱ्हाइकापुढे कळशी हातात घेऊन दाराच्या उजेडाकडे फिरवली की जी लखलख दिसते, ती हीच.

रेंडर करताना थेट व्हिडिओ काढू नका, एकेक फ्रेम PNG म्हणून काढा. माझ्या मशीनवर फ्रेमला ४० सेकंद लागत होते, म्हणजे २८८ फ्रेमना ३ तास १२ मिनिटं. दोनशेव्या फ्रेमच्या आसपास लाइट गेली. `Output` मधलं `Overwrite` मी आधीच बंद ठेवलं होतं, त्यामुळे परत रेंडर लावल्यावर झालेल्या फ्रेम सोडून काम पुढे चालू झालं. तुटलेली शेवटची फाइल तेवढी आधी हाताने पुसून टाका, नाहीतर ती झाली असं समजून ब्लेंडर पुढे जातं.